घरं पाडली पटापट, उभी मात्र राहत नाहीत: गृहनिर्माण मंत्र्यांना मुलुंडच्या एका खजिनदार बाईचं खुलं पत्र

माननीय गृहनिर्माण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून लिहिते आहे. मी मुलुंड पूर्वेला गेली बेचाळीस वर्षं राहते. बँकेत हिशेब खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि आमच्या सोसायटीची खजिनदार म्हणून आजही काम पाहते. सोसायटी कागदावर आहे. इमारत नाही.

परवा रात्री साडेनऊला घरमालकांचा फोन आला. सभ्य माणूस आहे, आवाज चढवला नाही. म्हणाले, "काकू, करार 30 तारखेला संपतोय. पुढचे अकरा महिने शेहेचाळीस हजार. समोरच्या विंगमध्ये पन्नासला गेलाय फ्लॅट, मी तुम्हाला कमीच सांगतोय." सध्या मी एक्केचाळीस हजार देते. माझं पेन्शन त्याहून कमी आहे. फरक मुदत ठेव मोडून भरते. त्यांना काय बोलणार? पन्नासला गेला तो फ्लॅट मीही पाहिला होता. तोही आमच्यासारख्याच एका कुटुंबानं घेतला, ज्यांची इमारत गेल्या दिवाळीनंतर पाडली.

आमची इमारत 1974 ची. तळमजला अधिक तीन मजले, दोन विंगा, बत्तीस घरं, लिफ्ट नाही. प्रत्येक घर 410 चौरस फूट. मार्च 2022 मध्ये आम्ही सगळ्यांनी चाव्या दिल्या. करारात लिहिलं होतं की छत्तीस महिन्यांत 550 चौरस फुटांचं घर मिळेल, तोवर दरमहा भाडं मिळेल. पहिल्या वर्षी अठ्ठावीस हजार, मग दर वर्षी पाच टक्के वाढ. बत्तीस महिने भाडं आलं आणि थांबलं. त्याला आता चौदा महिने झाले. सातव्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला, त्यानंतर त्यावर कुणी चढलेलं नाही. बाहेर आलेल्या सळयांना गंज चढला आहे. माझी एकटीची थकबाकी साडेचार लाखांच्या जवळ गेली, बत्तीस घरांची मिळून जवळजवळ दीड कोटी. हा आकडा माझ्या वहीत पैशापर्यंत लिहिलेला आहे.

पण मी फक्त थकबाकीचं गाऱ्हाणं घेऊन आलेले नाही. आपल्या खात्याच्या कार्यक्रमांत नेहमी सांगितलं जातं की मागणी आहे, भाव चढे आहेत, म्हणून घरं बांधली जातील आणि मग भाव आपोआप खाली येतील. मे 2025 मध्ये राज्याचं नवं गृहनिर्माण धोरण आलं, त्यात 2030 पर्यंत पस्तीस लाख घरांचं उद्दिष्ट आहे. महोदय, कांद्याचा भाव वाढला की शेतकरी पुढच्या हंगामात लागवड वाढवतो, चार महिन्यांत बाजार भरतो आणि भाव पडतो. मुंबईत घराचा भाव माझ्या डोळ्यांदेखत पंधरा वर्षं वाढतो आहे. मग पीक कुठे अडकतं? ते एका इमारतीच्या हिशेबात दाखवते, कारण तो हिशेब मीच ठेवला आहे.

पुनर्विकासाचा विषय आमच्या सभेत पहिल्यांदा 2010 साली आला. तेव्हा मुलुंडमध्ये भाव वाढत होते आणि बिल्डर स्वतःहून दारात येत होते. म्हणजे वरच्या शिकवणीप्रमाणे भाव वाढला आणि बांधणारे आले. पण आमच्या जमिनीचा सातबारा म्हणा, मालमत्ता पत्रक म्हणा, अजून मूळ बिल्डरच्या नावावर होतं. फ्लॅट घेणाऱ्यांसाठीचा मोफा कायदा 1963 चा आहे. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यायची, असं त्यातून ठरलेलं आहे. आमच्या मूळ बिल्डरनं ते केलं नाही, त्यांच्या वारसांना तर आम्ही कोण हेही ठाऊक नव्हतं. मग मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा. फायलीतला एक नकाशा अस्पष्ट आहे म्हणून ती परत आली, मग क्षेत्रफळात सात चौरस मीटरचा फरक निघाला म्हणून पुन्हा परत आली. 2014 च्या अखेरीस जमीन आमच्या नावावर झाली. भाव त्या काळात थांबला नव्हता. जमीन मोकळी नव्हती, एवढंच.

यापुढचं सांगताना मला आमच्याच लोकांबद्दल बोलावं लागेल, आणि ते मी लपवणार नाही. 2010 ला एका बिल्डरनं 480 चौरस फूट देऊ केले होते. 2015 ला दुसरा 520 म्हणाला. सभेत दर वेळी कुणीतरी उठायचं, "भाव वाढतोय, थांबू या, अजून मिळेल." आणि खरोखर मिळत होतं! भाव वाढतो तेव्हा जमीन ज्याच्या हाती असते तो उद्याची वाट पाहतो. आमच्यासारखी बत्तीस घरांची सोसायटी वाट पाहते आणि शेकडो एकर दाबून बसलेलाही वाट पाहतो. वाढलेल्या भावातून आधी जमीनवाल्याची अपेक्षा वाढते, विटा नंतर येतात. त्यात संमतीची अट होती, 2009 च्या शासन निर्देशांप्रमाणे पंचाहत्तर टक्के, म्हणजे बत्तीसपैकी चोवीस. आमच्याकडे तेवीस होते. चोविसावं घर भाऊ-बहिणीच्या वारसा वादात होतं. त्या एका सहीसाठी दोन वर्षं गेली. 2019 च्या निर्देशांत तुम्ही ती अट एक्कावन्न टक्क्यांवर आणलीत हे चांगलं केलंत, मी त्याचं श्रेय देते.

आमची अडचण सुटायला आली तर शहराचा आराखडा अडला. नव्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 मध्ये आला आणि चुकांमुळे दोन महिन्यांत तो पुन्हा करायला सांगावं लागलं. नवी नियमावली 2018 मध्ये लागू झाली. मधली तीन वर्षं आमच्या सभेत येणारा प्रत्येक बिल्डर एकच वाक्य बोलत होता, "मॅडम, एफएसआय किती मिळणार तेच माहीत नाही, तुम्हाला किती देऊ ते कसं सांगू?" एफएसआय म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, त्यामुळे त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या समोरच्या गल्लीतली सोसायटी तर अजून तशीच आहे, कारण तिचा रस्ता नऊ मीटरहून अरुंद आहे. उपनगरात मूळ एफएसआय एक. नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर त्या नियमावलीनं प्रीमियम म्हणजे जादा शुल्क भरून मिळणारा एफएसआयही दिला नाही आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्याकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्कही, नाही. तिथे चौरस फुटाचा भाव दुप्पट झाला तरी एक मजला वाढत नाही. दर पावसाळ्यात त्यांच्या जिन्याचं प्लास्टर पडतं.

आता पैशाचं बघा, कारण इथे तुमचं सरकार स्वतः आमच्या मधे उभं आहे. आमचा भूखंड 1500 चौरस मीटरचा. प्रीमियम भरून अर्धा एफएसआय जास्त घेता येतो, म्हणजे 750 चौरस मीटर. त्याचा दर रेडीरेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दराच्या निम्मा. हिशेब सोपा व्हावा म्हणून रेकनर एक लाख रुपये मीटर धरते. 750 गुणिले पन्नास हजार, म्हणजे तीन कोटी पंच्याहत्तर लाख. हे एकच कलम झालं. त्याशिवाय फंजिबल म्हणजे वाढीव चटईक्षेत्राचा प्रीमियम, जिन्याचा-लिफ्टचा प्रीमियम, मोकळी जागा कमी पडते तिचा प्रीमियम, विकास शुल्क, आणि टीडीआर बाजारातून विकत. त्यातला मोठा भाग वीट रचायच्या आधी भरायचा. बाजारभाव वाढला की रेकनर वाढतो. रेकनर एक लाख वीस हजार झाला की तेच कलम साडेचार कोटींचं होतं. म्हणजे घराचा भाव वाढल्यावर बांधणाऱ्याच्या हाती जो जास्तीचा पैसा राहायला हवा, ज्याच्या ओढीनं त्यानं जास्त घरं बांधावीत, त्याचा एक घास जमीनवाला घेतो आणि दुसरा तुम्ही. मग तो काय बांधेल? थोडी आणि महाग घरं. मुलुंडसारख्या मध्यमवर्गीय उपनगरात मध्यमवर्गीयाला परवडणारं नवं घर शोधून दाखवा.

हा पैसा तो आणतो कुठून? मी बँकेत होते म्हणून सांगते, जमीन घेण्यासाठी बँका बिल्डरला कर्ज देत नाहीत, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. असला आधीचा खर्च भागवायला तो वित्त कंपन्यांकडे जातो, तिथलं व्याज जड. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्त कंपनी कोसळली आणि तो नळही एकदम बारीक झाला. आमचा पहिला निवडलेला बिल्डर त्याच वर्षी गप्प झाला. पुन्हा निविदा, पुन्हा पीएमसी म्हणजे प्रकल्प सल्लागार, पुन्हा उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विशेष सभा. मग आयओडीची फाईल. तुमच्या मुंबईत बांधकामाच्या पहिल्या परवानगीचं नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल' आहे, नामंजुरीची सूचना! या अटी पूर्ण केल्या नाहीत तर नामंजूर, आणि अटींची पानंच्या पानं. अग्निशमन, झाडं, पर्जन्यवाहिन्या, पाणी, रस्ते. प्रत्येकाचं टेबल वेगळं.

एवढं सगळं होऊन हाती काय येणार होतं तेही ऐका. बत्तीस घरं पाडून सहासष्ट उभी राहणार होती. पस्तीस लाखांचं उद्दिष्ट मोजताना तुम्ही आमची इमारत सहासष्टला धराल की चौतीसला, मला ठाऊक नाही, पण शहराला नवी घरं चौतीसच मिळणार. आणि ती मिळेपर्यंत शहराच्या खात्यात बत्तीस घरं वजा. हे कुठल्याही भाषणात मी ऐकलेलं नाही, म्हणून ठासून लिहिते. मुंबईत मोकळी जमीन जवळजवळ संपली, इथे नवं घर जुनं पाडूनच येतं. त्यामुळे पुरवठा वाढायच्या आधी तो कमी होतो. घरं बत्तीसनं घटतात आणि भाड्याचं घर शोधणारी कुटुंबं बत्तीसनं वाढतात, त्याच दिवशी, त्याच वॉर्डात. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे डॉक्टर, रोजचं स्टेशन, यांच्यामुळे एक किलोमीटरच्या बाहेर कुणाला जायचं नसतं.

त्यात भर तुम्हीच घातलीत. जानेवारी 2021 मध्ये सरकारनं प्रीमियम निम्मे केले, 31 डिसेंबर 2021 पर्यंत. हेतू चांगला असेल. पण मुदत लावल्यामुळे काय झालं? जो बिल्डर दोन वर्षं फाईल हलवत नव्हता तो आमच्या मागे लागला, "डिसेंबरच्या आत पैसे भरायचे आहेत, सह्या करा." आमच्या एका रस्त्यावरच्या पाच सोसायट्यांनी त्या घाईत सह्या केल्या आणि पुढच्या वर्ष-दीड वर्षात पाचही रिकाम्या झाल्या. मी सत्तावीस हजारांना घेतलेलं घर अकरा महिन्यांनी तेहतीसला गेलं, मग आताचं घर एक्केचाळीसला. करारातली वाढ पाच टक्के, बाजारातली वीस-पंचवीस. दर अकरा महिन्यांनी एजंटचं एक महिन्याचं भाडं आणि टेम्पोचे पैसे वेगळे. त्याच्याही आधी सप्टेंबर 2020 ला तुम्ही मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणलंत. त्या डिसेंबरात मुंबईत जवळजवळ वीस हजार दस्त नोंदले गेले आणि त्याचं कौतुक झालं. घरं तेवढीच, घेणारे वाढले. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी घेतली. एकही वीट त्या सवलतीनं रचली गेली नाही.

हे सगळं माझे यजमान मला समजावायचे. त्यांना राजकारणाची आवड, रोज दोन वर्तमानपत्रं वाचायचे. म्हणायचे, "अगं, ही आत्ताची गोष्ट नाही." 1947 चा भाडे कायदा आला, भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली आणि पन्नासएक वर्षं बांधलेलीच राहिली. गिरगावात त्यांच्या वडिलांचं भाडं महिन्याला एकोणीस रुपये होतं. स्वस्त होतं, आम्ही त्यावरच वाढलो, हे मी नाकारत नाही. पण त्या भाड्यात मालक गच्चीची गळती का काढेल, आणि नवी चाळ कोण बांधेल? भाड्यासाठी बांधणं खाजगी माणसानं सोडलं, पागडी आली, मग मालकीचे फ्लॅट आले. 1976 ला नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, पाचशे चौरस मीटरवरची जमीन सरकार घेऊन गरिबांना घरं देणार होतं. बरीच जमीन खटल्यांत गोठली. महाराष्ट्रानं तो रद्द केला 2007 मध्ये, केंद्रानं रद्द केल्यावर आठ वर्षांनी. आणि 2011 च्या जनगणनेत याच मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं कुलूपबंद निघाली! भाव वाढतच जाणार याची इतकी खात्री लोकांना आहे की भाडेकरू ठेवण्याची कटकट करण्यापेक्षा कुलूप परवडतं. पक्ष कुठलाही असो, पन्नास वर्षांत तुम्ही सर्वांनी मिळून आम्हाला एकच शिकवलं की घर म्हणजे राहण्याची जागा नव्हे, धरून ठेवण्याची वस्तू आहे. मला याचा राग येतो. फार राग येतो.

हे गेल्या वर्षी गेले. भाड्याच्या तिसऱ्या घरात, ऑक्टोबरमध्ये, पहाटे. त्या मजल्यावर आमचं नाव कुणाला माहीत नव्हतं. रखवालदारानं विचारलं, "कोणते फ्लॅटवाले?" खांदा द्यायला जुन्या इमारतीतले लोक आले, एक डोंबिवलीहून, दोघे बदलापूरहून, एक विरारहून. बत्तीसपैकी अकरा घरं मुलुंड सोडून गेली आहेत. त्यांना इथलं भाडं झेपेना. आमच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीतून ह्यांना दोनदा खुर्चीवर बसवून खाली नेलं होतं, म्हणून त्यांना लिफ्टचं फार अप्रूप होतं. नव्या इमारतीचा नकाशा त्यांच्या उशाशी असायचा.

आता मागणं. ती मोठी नाहीत.

इमारत रिकामी करायच्या आधी संपूर्ण मुदतीचं भाडं बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायला लावा, बिल्डरला हात न लावता येईल असं. निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक हमी लिहिली आहे. आमच्याकडे वाटाघाटीत ती पाच टक्क्यांवर आली, कारण निर्देश म्हणजे कायदा नव्हे असं आमच्याच वकिलांनी आम्हाला सांगितलं. मग कायदा करा. तुमच्या हातात आहे.

प्रीमियम आधी घेऊ नका. घरं उभी राहिल्यावर, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र देताना घ्या. आज पैसे आधी मिळतात म्हणून इमारत पूर्ण झाली काय, सातव्या स्लॅबवर थांबली काय, तिजोरीला फरक पडत नाही. पैसे शेवटी मिळणार असतील तर सातव्या स्लॅबवर थांबलेल्या इमारतीची काळजी तुमच्या अधिकाऱ्यांनाही वाटेल. आणि सवलत द्यायची असेल तर कायमची द्या. डिसेंबरची तारीख लावून आख्ख्या उपनगराला एकाच वेळी रस्त्यावर आणू नका.

आणि पाडलेल्या घरांची मोजणी सुरू करा. प्रत्येक वॉर्डात किती घरं पाडली, किती कुटुंबं बाहेर आहेत, किती परत गेली, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा. बत्तीस घरांची अशी वही मी एकटी ठेवते, चष्म्याचा नंबर वाढलाय तरी ठेवते. तुमच्याकडे आख्खं खातं आहे.

वहीची प्रत सोबत जोडली आहे. कुणाला किती महिने भाडं मिळालं, कोण कुठे राहायला गेलं, कोण वारलं, सगळं त्यात आहे. वारलेले चार आहेत. पाचवं नाव लिहायची पाळी येण्याआधी उत्तर पाठवा. 30 तारखेपर्यंत ते याच पत्त्यावर येऊ द्या. त्यानंतर मी कुठे असेन ते ठरलं की कळवीन.

आपली,
मुलुंड पूर्वेची एक भाडेकरू,
खजिनदार, बत्तीस सभासदांची सहकारी गृहनिर्माण संस्था